बेकिंग पावडर नाही, सोडा आहे. किती घालायचा आणि सोबत आंबट किती?

मलप्रभाकाठ (खानापूर), रविवार, सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी. आठ दिवस झाले, पाऊस काही उसंत देत नाही. काल धाकट्याचा वाढदिवस होता. केक करायला घेतला आणि बेकिंग पावडरचा डबा उघडला तर आत दगड. चमच्याच्या मागच्या बाजूने फोडून एक खडा गरम पाण्यात टाकला, तर दोन बुडबुडे आले आणि संपलं.

दुकानापर्यंत जायचं म्हणजे गुडघाभर पाणी. घरात अडुगे सोड्याचं पाकीट होतं आणि व्हिनेगरची बाटली होती. बेकिंग पावडरऐवजी सोडा नि व्हिनेगर चालतं हे कुठेतरी वाचलेलं, पण माप आठवेना. म्हणून दीड चमचा पावडरच्या जागी दीड चमचा सोडा घातला आणि वर एक चमचा व्हिनेगर. पीठ असं फसफसलं की मीच खूश झाले.

कुकरमध्ये केक चांगला वर आला आणि मग मधोमध खचला. रंग विटेसारखा. कापला तेव्हा वास आला तो धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांचा. पोरगा एक घास खाऊन म्हणाला, "आई, साबण लागतोय."

माझं नेहमीचं माप असं: मैदा दीड कप, साखर पाऊण कप, दूध एक कप, तेल अर्धा कप, बेकिंग पावडर दीड चमचा, चिमूटभर मीठ, व्हॅनिला. अंडं नाही. पुढच्या रविवारी त्याचे मित्र येणार आहेत, तेव्हा परत करायचाय. सोडा किती आणि आंबट काय, किती? घरात दही, लिंबं आणि व्हिनेगर तिन्ही आहे.

---

शहापुरी, रविवार, दुपारी १२:१५

ताई, सोडा जास्त झाला, बाकी काही नाही. एक चमचा पावडरच्या जागी पाव चमचा सोडा आणि अर्धा चमचा व्हिनेगर. मी गेली चार वर्षं असाच करते, एकदाही बिघडला नाही. पीठ फसफसलं की समजायचं काम झालं.

---

निवृत्त बाई (टिळकवाडी), रविवार, दुपारी १:०५

शहापुरी यांचं सोड्याचं माप बरोबर आहे, व्हिनेगरचं नाही. आणि गंमत म्हणजे चुकतं ते बहुतेक तिथेच.

आधी सोडा. बेकिंग पावडरच्या डब्यात नुसता सोडा नसतो. सोडा, त्याला पुरेल एवढं कोरडं आम्ल आणि दोघांना कोरडं ठेवायला स्टार्च, असं तिघांचं मिश्रण असतं. त्यात सोडा साधारण पाव हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा. म्हणून चमचाभर पावडरला पाव चमचा सोडा. तुमच्या दीड चमचा पावडरला पाव चमचा आणि वर त्या पावाचा अर्धा. तुम्ही घातलात दीड चमचा, म्हणजे चौपट.

आता व्हिनेगर. पाव चमचा सोडा म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम. तो पुरता संपवायला ५ टक्क्यांचं व्हिनेगर १७ मिलीच्या आसपास लागतं. मापाचा चहाचा चमचा ५ मिलीचा, म्हणजे साडेतीन चमचे. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर चार चमच्यांच्याही थोडं वर. अर्धा चमचा म्हणजे गरजेच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं झालं.

फसफसतं ते खरं, पण जेवढं आम्ल घातलं तेवढ्यापुरतंच. चमचाभर व्हिनेगरही जोरात फसफसतं. सोडा संपला की आम्ल संपलं, हे त्या फेसावरून कळत नाही. तुमच्या केकमध्ये आम्ल संपलं आणि सोडा जवळजवळ सगळा तसाच राहिला.

---

चिकोडीकर, रविवार, दुपारी १:३०

बाई, मग भज्यांचं काय? आमच्यात पिठात चिमूटभर सोडा घालतात, वर कडकडीत तेलाचं मोहन. लिंबू कुणी पिळत नाही. तरी कधी साबण लागला नाही. केकलाच एवढा थाट कशाला?

---

निवृत्त बाई, रविवार, दुपारी २:१०

प्रश्न केकचा होता, पण तुमच्या भज्यांनीच उत्तर सोपं होईल.

सोडा नुसता तापवला तरी वायू सोडतो. पण आम्लासोबत जेवढा सोडतो त्याच्या निम्माच, आणि मागे जे उरतं तो धुण्याचा सोडा असतो. पदार्थ तोच, दुकानात कपड्यांसाठी मिळतो तो. खानापूरच्या ताईंच्या मुलाला साबण लागला तो उगाच नाही. पोराची जीभ चांगली आहे.

भज्याला सोडा चिमूटभर, तिखट-मीठ-ओवा भरपूर, आणि भजं बोटभर जाड. तेवढ्यात तो खपून जातो. पांढऱ्या गोड केकमध्ये लपायला जागा नसते.

आणि हे सगळ्यांसाठी: घरात धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा शेजारी ठेवू नका. पाकिटातून डब्यात काढला की दोन्ही पांढरेच दिसतात.

---

शहापुरी, रविवार, दुपारी ३:००

बाई, तुमचा हिशोब मान्य. पण मग माझा केक चार वर्षं चांगला कसा होतो? खोटं तर बोलत नाही मी.

---

निवृत्त बाई, रविवार, दुपारी ३:२०

कुठला केक करता?

---

शहापुरी, रविवार, दुपारी ३:२५

चॉकलेटचा. कोको अर्धा कप. दूध नाही, ताकात भिजवते.

---

निवृत्त बाई, रविवार, दुपारी ३:५०

मग काम ताक करतंय, व्हिनेगर नाही. साधा कोकोही थोडा आम्लधर्मी असतो, तोही हात लावतो. शिवाय तपकिरी केक अजून तपकिरी झाला तर कुणाला कळणार? उरलेल्या सोड्याची कडवट चव कोकोच्या कडवटपणात मुरते. तुमचं व्हिनेगर सोडून द्या आणि एकदा तसाच करून बघा. फरक पडला नाही तर मला कळवा.

---

गोवावेसची सून, रविवार, सायंकाळी ५:१५

माझा अनुभव ढोकळ्याचा आहे, पण इथे लागू होईल. पिठात हळद घातलेली असते. सोडा नीट मिसळला नाही की वाफवल्यावर पिवळ्या ढोकळ्यात लाल ठिपके दिसतात. सासूबाई म्हणायच्या हळदीत भेसळ. नंतर कळलं, सोड्याची गुठळी राहिली की तिथली हळद लाल होते. कुंकू हळदीपासूनच करतात ना, तसंच.

केक झाल्यावर असं काही बघता येईल का?

---

निवृत्त बाई, रविवार, सायंकाळी ६:००

फार छान सुचवलंत. येतं की. केकचा आतला, पांढरा भाग चिमटीभर घ्या, बशीत दोन थेंब पाण्याने ओला करा आणि चिमूटभर हळद चोळा. पिवळी राहिली तर सोडा उरला नाही. नारिंगी-लालसर झाली तर उरलाय. खानापूरच्या ताई, कालचा तुकडा शिल्लक असेल तर आत्ता करून बघा.

एक मर्यादा आहे. हळद पिवळी राहिली म्हणजे माप बरोबर असंच नाही, आंबट जास्त झालं असलं तरी ती पिवळीच राहते. ते जिभेलाच कळतं.

---

मलप्रभाकाठ, रविवार, सायंकाळी ६:४०

कोंबड्यांना टाकायला ठेवलेला तुकडा होता. हळद लावली. विटकरी लाल! बोटंसुद्धा. कोंबड्यांना टाकला नाही.

आता पुढच्या रविवारचं सांगा. व्हिनेगर साडेतीन चमचे म्हटलंत ते एका चमचा पावडरला. माझ्या दीड चमच्याला पाच-सहा चमचे होणार. केकला व्हिनेगरचा वास नाही का येणार?

---

निवृत्त बाई, रविवार, रात्री ८:३०

म्हणूनच मी व्हिनेगर सांगत नाही. दही घ्या.

आपल्या घरच्या आंबट दह्यात साधारण १ टक्क्याच्या आसपास आम्ल असतं, गोड दह्यात त्याहून कमी. अर्धा कप आंबट दही पाव चमचा सोड्याला जवळजवळ पुरतं. म्हणजे चमचाभर पावडरची जागा भरली.

तुमच्या मापाला: सोडा पाव चमचा आणि त्याचा अर्धा. दही पाऊण कप. एवढं दही घातलं की तेवढंच दूध कमी करायचं, म्हणजे एक कप दुधाऐवजी पाऊण कप दही आणि पाव कप दूध. दह्याने थोडासा सोडा उरेल, त्यासाठी लिंबाचा रस एक चमचा. बस्स. ना वास, ना आंबटपणा.

नुसतं लिंबूच वापरायचं झालं तर पाव चमचा सोड्याला तीन-साडेतीन चमचे रस लागेल, म्हणजे एका बऱ्यापैकी कागदी लिंबाचा सगळा रस. चालतो, पण लिंबाचा केक म्हणून खायचा.

सोड्याचा तो "पावाचा अर्धा" डोळ्यांनी मोजू नका. पाव चमच्याचं माप सपाट भरून कागदावर ओता, सुरीच्या पात्याने चौकोनी पसरा आणि मधोमध चीर द्या. एक भाग घ्या, दुसरा परत पाकिटात. घरातल्या चहाच्या चमच्यांवर जाऊ नका. माझ्याकडच्या दोन चमच्यांतच जवळजवळ दुपटीचा फरक निघाला.

---

भट्टीवाला (निपाणी), रविवार, रात्री ९:४५

बाईंचं माप बरोबर हाय, पण मापानं निम्मंच काम हुतंय. माझी तीस वर्षं भट्टीम्होरं गेली म्हणून सांगालोय.

बाजारातली पावडर दोनदा फुगतीया. एकदा पीठ भिजवल्यावर थोडी आणि मग तापल्यावर खरी. म्हणून पीठ पाच-दहा मिनिटं थांबलं तरी चालतंय. सोडा-दही तसं न्हवं. वल्लं लागलं की लगेच सुरू. तुम्ही पीठ कालवून मग भांड्याला तेल लावाय गेला, कागद कापाय गेला, तर निम्मी हवा वट्यावरच गेली.

म्हणून आधी कुकर तापवाय ठेवा, शिट्टी नि रबर काढून, तळाला मिठाचा थर देऊन. दहा मिनिटं तरी. डबा तेल लावून तयार. मैदा, सोडा, मीठ एकत्र करून तीनदा चाळा. गुठळी ऱ्हाऊ देऊ नका, नाहीतर वरच्या ताईंचं लाल ठिपकं तुमच्या केकात येतील, हळद नसंल म्हणून दिसणार न्हाईत, पण दाताखाली कडू लागतील. दही, साखर, तेल, दूध येगळं घोटा. ते घोटा पाहिजे तेवढं. मग मैदा घाला आणि हलक्या हातानं तीस-चाळीस फेरे, पांढरं दिसायचं बंद झालं की थांबा. लिंबू अगदी शेवटी, एक फेरा, आणि डब्यात. कालवल्यापासून कुकरात जाईपर्यंत दोन-तीन मिनिटांच्या वर नको.

पैली वीस-पंचवीस मिनिटं झाकण उघडून बघायचं न्हाई. पोरं हट्ट करत्यात, करू देत.

---

अथणीची माहेरवाशीण, सोमवार, सकाळी १०:२०

मी नाचणीचा गुळाचा केक करते, साखर अजिबात नाही. गूळ थोडा आंबट असतो म्हणतात. मग दही कमी करू का? किती?

शिवाय दुकानात निंबे उप्पू मागितलं तर पांढरे दाणे देतात, ते चालतात का?

---

निवृत्त बाई, सोमवार, सकाळी ११:३०

निंबे उप्पू म्हणजे लिंबूफूल, सायट्रिक आम्ल. नाव उप्पू असलं तरी मीठ नव्हे ते. उत्तम चालतं, आणि दही नसेल तेव्हा मी तेच वापरते. वजनाने सहा भाग सोड्याला पाच भाग. चमच्याने मोजाल तर सोड्याहून किंचित कमी घ्या, बारीक वाटून मैद्यात चाळा. मग दूध कमी करायचं कारण नाही. पण भट्टीवाल्यांनी सांगितलेली घाई इथे दुप्पट. ओलं लागलं की थांबत नाही ते.

ढोकळ्याचं फ्रूट सॉल्ट म्हणजे मुख्यतः सोडा आणि हेच आम्ल, म्हणून त्यात वेगळं लिंबू पिळायला नको.

गुळाचं मात्र मी आकडा सांगणार नाही. गूळ काढताना काय काय घातलं, किती जुना आहे, त्यावर त्याचा आंबटपणा बदलतो. एका ढेपेवर बसवलेलं माप दुसऱ्या ढेपेला लागू होईल याची खात्री नाही. दही पूर्ण ठेवा, करून बघा, चव आंबट वाटली तर पुढच्या वेळी दोन चमचे दही कमी करा. नाचणीवर हळदीचा रंग दिसणारही नाही.

---

चिकोडीकर, सोमवार, दुपारी १:००

भट्टीवाले काका, नानकटाईला पण दही का? आमच्या गल्लीत दिवाळीला पत्र्याचे ट्रे भट्टीवर घेऊन जायचे, तेव्हा आई नुसता सोडा घालायची.

---

भट्टीवाला, सोमवार, रात्री ९:३०

नानकटाईला दही न्हाई. तिला फुगवायचं नसतंय, पसरवायचं आणि वरून चीर पाडायची असती. चिमूटभर सोडा पुरे. आंबट घातलंसा तर टणक हुती.

---

निवृत्त बाई, सोमवार, रात्री १०:१५

पसरण्याचं आणि रंगाचं पटलं. सोडा उरला तर नानकटाई चांगली भाजली जाते, लवकर तांबूस होते. पण आंबटाने टणक होते हे मला तितकंसं पटत नाही. ते दह्यातल्या पाण्याने होत असेल. लिंबूफुलाची चिमूट घालून कुणी केली आहे का?

---

भट्टीवाला, मंगळवार, सकाळी ७:१०

बाई, लिंबूफूल घालून कधी केली न्हाई. म्हणून भांडत न्हाई.

---

मलप्रभाकाठ, रविवार, सायंकाळी ७:२०

केला! आधी खरं सांगते: दही आंबट नव्हतं, शनिवारी रात्रीच लावलं होतं. त्यात पावसाळी गारवा. म्हणून लिंबाचा रस एकाऐवजी दोन चमचे घातला. बाकी सगळं बाईंच्या मापाने. सोडा कागदावर पसरून सुरीने कापला, तेव्हा धाकटा म्हणाला, आई हे औषध आहे का.

कालवल्यापासून कुकरात जाईपर्यंत अडीच मिनिटं, मोबाइलवर वेळ लावून. मध्यम मंद आचेवर ४५ मिनिटं. सुरी घालून बघितली, कोरडी निघाली.

रंग फिकट, जवळजवळ दुधाळ. पूर्वीच्या पावडरच्या केकइतका तांबूस झाला नाही. उंची बोटभर कमी. जाळी बारीक, मऊ. मध्ये खचला नाही. कडेला एक चीर गेली, कारण तिसाव्या मिनिटाला सासऱ्यांनी झाकण उघडून बघितलं.

हळद चोळली. पिवळी!

उंची कमी का झाली? लिंबू जास्त झालं म्हणून की दही गोड होतं म्हणून?

---

निवृत्त बाई, रविवार, रात्री ८:००

लिंबू जास्त झाल्याने उंची कमी होत नाही. वायू सोड्यातून येतो आणि सोडा तुम्ही तेवढाच घातला होता. रंग फिकट राहिला तो मात्र लिंबामुळे असेल. आंबट पिठाला रंग कमी चढतो. पुढच्या वेळी दही दोन दिवसांचं घ्या आणि लिंबू एकच चमचा.

उंचीसाठी मला अडीच मिनिटांवर संशय आहे. भट्टीवाले काय म्हणतात?

---

भट्टीवाला, रविवार, रात्री ९:५०

मिनिटं बरोबर हायत. डबा किती रुंद हुता?

---

मलप्रभाकाठ, रविवार, रात्री ९:५८

मागच्या वेळचा सहा इंची. या वेळी मित्र जास्त होते म्हणून आठ इंची घेतला.

---

भट्टीवाला, रविवार, रात्री १०:०२

मग झालं की.